घरून द्यायच्या परीक्षेसाठी लॅपटॉप: दोन तास न दमणारा कसा ओळखायचा?

सानिका_लालबाग

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला मे अखेरीस जीआरई घरून द्यायची आहे. जुना लॅपटॉप केवळ चार्जरच्या आधारावर जिवंत आहे, त्यामुळे नवा घ्यायचाय. बजेट ५० हजारांच्या आत. घर चाळीतलं, खोली १० बाय १२, छताचा पंखा आहे, एसी नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला फिरून आले. तीन पर्याय समोर आहेत.

१. अगदी पातळ, हलका, N100 प्रोसेसर, ८ जीबी रॅम. पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य. दुकानदार म्हणतो परीक्षेला शांत लॅपटॉपच हवा.
२. नवा i3-1215U, ८ जीबी. जरा जाडसर.
३. रिफर्बिश्ड ऑफिसचा लॅपटॉप, i5-7200U, १६ जीबी. सर्वांत स्वस्त.

परीक्षेच्या साइटवरच्या अटी वाचल्या तर तिन्ही चालतील असं दिसतं. मग फरक नेमका कशात आहे?

---

रॉकेट_राजा

ताई, पाच-दहा हजार वाढवा आणि सरळ गेमिंग लॅपटॉप घ्या. १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन मोठे पंखे. गेम चार-चार तास चालतो तर परीक्षेचं काय घेऊन बसलात! विषय संपला.

---

खोडरबर

राजाभाऊंचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. उष्णता बाहेर टाकायची ताकद लागते, नुसता वेग नाही. पण त्यासाठी गेमिंग मशीन घेणं म्हणजे पापड भाजायला भट्टी पेटवणं. वर तीन भानगडी येतात. चार्जर काढला की या मशीनचा दम लगेच निम्म्यावर येतो. पंखे जोरात फिरले की माईकमध्ये घोंघाट जातो. आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ओव्हरले, स्क्रीन रेकॉर्डिंगवाली सॉफ्टवेअर मागे चालू असतात. परीक्षेचा सुरक्षित ब्राउझर नेमक्या त्याच गोष्टींना हरकत घेतो. एकेक शोधून बंद करत बसा.

आता सानिकाताईंचा प्रश्न. अटींच्या यादीत तिन्ही बसतात, कारण ती यादी परीक्षा सुरू होण्यापुरती असते. इक्विपमेंट चेक करून पाहा, पाच मिनिटांच्या आत संपतो. त्यात कॅमेरा दिसतो का, माईक ऐकू येतो का, नेट पुरेसं आहे का एवढंच बघतात. थंड लॅपटॉप पाच मिनिटं पळतोच.

प्रत्यक्ष परीक्षेत मशीन काय करत असतं? प्रश्नाचं पान दाखवणं हे सगळ्यात हलकं काम. जड काम मागे चालतं. कॅमेऱ्याचं चित्र आणि स्क्रीनचं चित्र अशा दोन गोष्टी दर सेकंदाला दाबून लहान करायच्या आणि वर पाठवायच्या, तेही अखंड. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची झाली आहे, मध्ये ठरलेली सुट्टी नाही. आधी ओळखपत्र, खोली दाखवणं यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. म्हणजे सव्वादोन ते अडीच तास हे ओझं उतरत नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर सुरुवातीला दम लावून पळतो. मग उष्णता साठते तसा वेग उतरवत नेतो. दोन टप्पे असतात. पहिला एक-दोन मिनिटांत येतो, तो साधा, सगळ्यांना येतो. दुसरा अर्ध्या-पाऊण तासाने येतो, जेव्हा आतल्या पट्ट्यांबरोबर बाहेरचं कवचही तापतं. हात भाजू नये म्हणून कवचाच्या तापमानालाही मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की मशीन गुपचूप वेग पाडतं. सूचना वगैरे काही येत नाही. पान उशिरा उलटतं, घड्याळ्याचे सेकंद उड्या मारतात, कॅल्क्युलेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. आणि देखरेख करणाऱ्याला तुमचं चित्र अडकलेलं दिसतं.

म्हणून पर्याय १ मी बाद करेन. पंख्याशिवायच्या मशीनला उष्णता टाकायला स्वतःचं कवच सोडून जागा नाही, आणि मे महिन्यात तुमच्या खोलीत ३३-३४ अंश असणार. N100 चार कोरचा, साध्या कामाला छान. पण तापल्यावर खाली यायला त्याच्याकडे शिल्लक फारशी नाही. i3-1215U ला सहा कोर आणि पंखा आहे. वेग निम्म्यावर आला तरी काम भागतं. खरेदी त्या शिल्लकीची करायची.

---

मोरेकाका

माझा मुलगा जानेवारीत जेईई मेन देणार आहे. ती पण ऑनलाइनच असते. त्याच्यासाठीही हाच i3 घेऊ का? कॅमेरा चांगला लागेल ना?

---

अंजू_मुलुंड

काका, जेईई मेन केंद्रावर जाऊन द्यायची असते, तिथलाच कॉम्प्युटर वापरायचा. घरच्या लॅपटॉपचा कॅमेरा कोणी बघत नाही. सरावाला कुठलाही चालेल. मात्र उंदीर, म्हणजे माउस, जोडून सराव करू द्या, टचपॅडवर नको. आकड्यांची उत्तरं तिथे स्क्रीनवरच्या कीपॅडवर माउसने टिचकी मारून भरावी लागतात. मुलांची गंमत तिथेच होते, बोटं सवयीने कीबोर्डकडे जातात.

---

मोरेकाका

अरे वा, म्हणजे चाळीस हजार वाचले. माउस घेतो.

---

तात्या_भायखळा

मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे. रिफर्बिश्डला इथे उगाच नाक मुरडलं जाईल म्हणून आधीच बोलतो. ऑफिसातून आलेली मशीन बांधणीला दणकट असतात, त्यांना खरा पंखा आणि तांब्याची जाड नळी असते. तासन्‌तास चालायलाच बनवलेली असतात. पण ताई, तुम्हाला दाखवलेला i5-7200U घेऊ नका. तो सातव्या पिढीचा आहे. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीवर कोणी ११ चढवून दिलं असेल तर ते आडवाटेने चढवलेलं आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अपडेटने काय घोळ घातला तर कोणाला विचारणार?

त्याच दुकानात i5-8250U किंवा i5-8350U विचारा. दिसायला सारखाच, दोन-चार हजारांचा फरक, पण कोर दोनाचे चार होतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक, दुकानातच Command Prompt उघडून हा आदेश चालवा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाईल बनते, तिची जागा स्क्रीनवरच दिसते. उघडून DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी घालून मागा. दोन, मागचं झाकण उघडून पंख्याची धूळ काढून आणि थर्मल पेस्ट बदलून मागा. पाच वर्षांची वाळकी पेस्ट असेल तर चांगला पंखाही हात टेकतो.

---

खोडरबर

तात्यांशी सहमत, एक अडचण सोडून. त्या काळच्या ऑफिस लॅपटॉपचे कॅमेरे ७२०पी आणि तेही कामचलाऊ. दिवसा खिडकीपाशी ठीक, ट्यूबलाइटमध्ये चेहऱ्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. यूएसबीचा वेगळा वेबकॅम लावता येतो आणि घरच्या जीआरईला तो चालतो. उलट खोली चारही बाजूंनी दाखवताना तो हातात धरून फिरवणं सोपं. आतला कॅमेरा असेल तर अख्खा लॅपटॉप उचलून गोल फिरवावा लागतो. तेव्हा चार्जरची वायर आखूड पडते किंवा लॅनची पिन निसटते. हे एकदा रंगीत तालमीत करून बघा.

कॅमेऱ्याबद्दल मेगापिक्सेल विचारू नका. दुकानात Camera अ‍ॅप उघडून व्हिडिओवर ठेवा, चेहरा अंधाऱ्या बाजूला करा आणि हात हलवा. प्रकाश कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्र जास्त वेळ घेऊन टिपतो, त्यामुळे सेकंदाला तीसऐवजी पंधरा चित्रं येतात आणि हाताची शेपटी दिसते. असा कॅमेरा ओळखपत्रावरची बारीक अक्षरंही नीट दाखवत नाही, आणि सुरुवातीलाच अडकायला होतं.

खोली लहान असेल तर आणखी एक पेच आहे. दरवाजा देखरेख करणाऱ्याला दिसला पाहिजे, म्हणजे तो बसणाऱ्याच्या पाठीमागे येतो. चाळीत त्याच भिंतीला खिडकी असते. मग उजेड पाठीमागून येतो आणि चेहरा काळा. पडदा ओढा, आणि लॅपटॉपच्या मागे, चेहऱ्यासमोर, एक साधा एलईडी दिवा भिंतीकडे तोंड करून लावा, म्हणजे परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो. दिवा थेट डोळ्यांत नको, चश्म्यात चमकतो.

---

सानिका_लालबाग

सगळ्यांचे आभार. पर्याय २ घेतला, i3-1215U. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे आठव्या पिढीचाही बघितला, पण बहिणीला वॉरंटी हवी होती. रॅमची एक जागा रिकामी आहे, Task Manager मध्ये मेमरीखाली Slots used: 1 of 2 दिसतं.

पण घरी आणल्यावर पहिलीच ठेच. सुरक्षित ब्राउझरची फाईल उतरवली, तर चालवूच देत नाही. फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप चालतील म्हणे. लॅपटॉप बिघडलेला दिला का?

---

प्रभादेवी_पॅचकॉर्ड

बिघडलेला नाही, एस मोडमध्ये आहे. Settings, मग System, मग About मध्ये बघा, Windows 11 Home in S mode लिहिलेलं असेल. Settings > System > Activation मध्ये जाऊन तिथून स्टोअरचं पान उघडतं, तिथे Get दाबायचं. फुकट आहे. एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही, पण परत जायचंय कोणाला.

---

सानिका_लालबाग

झालं. पाच मिनिटांचं काम होतं. इक्विपमेंट चेकही पास. आता खोडरबर म्हणतात तो पाऊण तासानंतरचा थकवा घरच्या घरी कसा पकडायचा? बदलून देण्याची मुदत सात दिवसांची आहे, त्यातले दोन गेले.

---

खोडरबर

पहिले दोन दिवस गेले ते बरंच झालं. नवं मशीन सुरुवातीला स्वतःच्याच कामात असतं. अपडेट उतरवतं, फायलींची सूची बनवतं, क्लाउडवर फोटो ढकलतं. तेव्हा घेतलेली चाचणी खोटी निघते. अपडेट संपवून, रीस्टार्ट करून, चाचणीपुरता आलेला फुकटचा अँटिव्हायरस काढून मग सुरू करा. विंडोजचा स्वतःचा पुरतो.

ओझं खऱ्यासारखं हवं. लॅपटॉपवर व्हिडिओ मीटिंग सुरू करा, कॅमेरा चालू, स्क्रीन शेअर चालू, आणि दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये या. मग जीआरई घेणाऱ्या ईटीएसची फुकटची POWERPREP चाचणी ब्राउझरमध्ये सोडवायला बहिणीला बसवा. सरावही होतो. वेळ दुपारी दोन ते साडेचार, लख्ख उन्हाची. पहाटे घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही.

सुरुवात करण्याआधी PowerShell उघडून हे चिकटवा:

```
typeperf "\Processor Information(_Total)\% Processor Performance" "\Processor Information(_Total)\% Processor Time" -si 10 -sc 900 -o C:\Users\Public\log.csv
```

दर १० सेकंदांनी एक नोंद, अशा ९०० नोंदी, म्हणजे अडीच तास. खिडकी खाली करून ठेवा, बंद करू नका. नंतर log.csv एक्सेलमध्ये उघडा. पहिला आकडा वेगाचा आहे. १०० म्हणजे प्रोसेसरचा मूळ वेग, २०० म्हणजे त्याच्या दुप्पट. दुसरा आकडा म्हणजे मशीन किती कामात आहे. काम नसेल तेव्हाही वेग उतरतो, ते घाबरायचं कारण नाही. पहिला खाली जात असताना दुसरा वर चढत असेल, तर मशीन दमलं असं समजा.

---

प्रभादेवी_पॅचकॉर्ड

हेच कोणी .bat फाईलमध्ये टाकणार असेल तर प्रत्येक % दोनदा लिहा, नाहीतर मधला मजकूर गायब होईल. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

---

सानिका_लालबाग

चाचणी झाली. निकाल बरा नाही.

पहिली दहा मिनिटं वेग १९० च्या आसपास, काम ३० टक्के. पंचविसाव्या मिनिटाला वेग १३०, काम ४० च्या पुढे. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटापासून वेग ८०-८५ वर बसला आणि काम ७० वर. त्यानंतर शेवटपर्यंत तसंच. बहीण म्हणाली तासाभराने पान उलटायला वेळ लागत होता. फोनवर माझ्याकडे तिचं चित्रही दोनदा गोठलं. परत करू?

---

तात्या_भायखळा

थांबा, परत करायची घाई नको. लॅपटॉप कशावर ठेवला होता? चार्जर त्याचाच होता ना, फोनचा टाइप सी वाला नाही ना लावला? आणि एक कूलिंग पॅड घेऊन ठेवा, पाच-सातशेला मिळतो.

---

सानिका_लालबाग

टेबलावरच होता, पण खाली मऊ टेबलक्लॉथ होता. चार्जर मूळचाच. हो, आणि पंख्याचा आवाज माईकमध्ये जाईल म्हणून कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शांत मोड लावून ठेवला होता. छताचा पंखाही बंद, त्याच कारणाने.

---

खोडरबर

सापडलं. तुमचे आकडेच सांगताहेत. चार्जर कमी वॉटचा असता तर वेग पहिल्या मिनिटापासून खाली असता, कारण चार्जर ओळखल्याबरोबर मशीन स्वतःला आवरून घेतं. इथे वेग हळूहळू, तीन पायऱ्यांनी उतरला आहे. ती उष्णतेची चाल. शांत मोड म्हणजे पंख्याच्या फेऱ्यांना घातलेली वेसण. पंखा वाढू शकत नाही, मग कवच तापतं, मग वेग पडतो. वरून टेबलक्लॉथने खालची जाळी निम्मी झाकली. आणि खोलीतली हवाही जागच्या जागी.

आता असं करा. टेबलक्लॉथ काढा. लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली एकेक खोडरबर ठेवा, दोन सेंटिमीटर उंची पुरे (माझं नाव उगाच नाही). शांत मोड काढून मधला लावा. Settings > System > Power & battery मध्ये Power mode हे Best performance वर ठेवा. छताचा पंखा दोनवर. मग तीच चाचणी, त्याच वेळेला.

कूलिंग पॅडबद्दल तात्या, जाळी खाली आणि मोकळी असेल तर उपयोग होतो. जाळी मागच्या कडेला असेल तर तो पॅड नुसता दिव्यांची रोषणाई करतो. शिवाय त्याचा यूएसबी आणि त्याचा घोंघाट आणखी एक भर.

---

तात्या_भायखळा

मान्य, पण खालची जाळी असलेल्या मशीनला पाच-सहा अंशांचा फरक मी रोज बघतो. पूर्ण टाकाऊ म्हणू नका.

---

अंजू_मुलुंड

पंख्याच्या आवाजाला मात्र इतकं हसण्यावारी नेऊ नका. हेडफोन, इअरफोन घरच्या जीआरईला चालत नाहीत. माईक आणि स्पीकर लॅपटॉपचे किंवा वेगळे, पण हेडसेटचे नकोत. देखरेख करणारा बोलला तर त्याचं ऐकू आलं पाहिजे. छताचा जुना पंखा कटकट करत असेल तर टेबलफॅन घ्या, लॅपटॉपच्या बाजूने सोडा, माईकवर नको. माईक बहुतेक कॅमेऱ्याच्या शेजारच्या बारीक भोकांत असतो, तिथे वारा लागला की नुसती खरखर.

---

खोडरबर

बरोबर. एकसारखी घरघर आणि माणसाचा आवाज यांत देखरेख करणाऱ्याला फरक कळतो, त्यामुळे घरघरीपेक्षा मला शेजारच्यांच्या टीव्हीची भीती जास्त. पण वाऱ्याचा मुद्दा पक्का. Sound Recorder मध्ये दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करून ऐका, लगेच समजेल.

---

मॅकवाली_माहीम

माझ्याकडे एम१ मॅकबुक एअर आहे, त्यात पंखाच नाही आणि तो तीन तास आरामात चालतो. मग पंखा हवाच असं सरसकट कसं म्हणता?

आणि मॅकवाल्यांसाठी एक. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिल्यावर ते अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, नाहीतर परवानगी लागू होत नाही. ते ऐनवेळी झालं तर सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून. सेक्वोया आवृत्तीत ही परवानगी दर महिन्याला पुन्हा विचारतात, म्हणजे मागच्या महिन्यातल्या तालमीवर विसंबू नका.

---

खोडरबर

बरोबर पकडलंत. एम१ मुळातच कमी वीज खातो, म्हणून उष्णताच कमी बनते. कमी विजेत जास्त काम करणारा प्रोसेसर असेल तर पंख्याशिवाय चालतं. N100 कमी वीज खातो खरा, पण कामही कमी करतो. माझं वाक्य ५० हजारांच्या आतल्या नव्या विंडोज लॅपटॉपांपुरतं धरा.

---

कोडी_चेंबूर

माझा प्रश्न वेगळा आहे. इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉपवर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं WSL आणि डॉकर आहे. एका कंपनीच्या भरतीच्या परीक्षेत ब्राउझर म्हणाला, तुम्ही व्हर्च्युअल मशीनमधून येत आहात. मी तर साध्या विंडोजवर होतो. लॅपटॉपच बदलायचा का?

---

प्रभादेवी_पॅचकॉर्ड

लॅपटॉप निर्दोष आहे. WSL ची दुसरी आवृत्ती चालू केली की विंडोज स्वतःच एका हायपरव्हायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराच्या, वर बसतं. काही सुरक्षित ब्राउझर तेवढ्यावरून गैरसमज करून घेतात. msinfo32 उघडा, सारांशाच्या अगदी तळाशी A hypervisor has been detected असं वाक्य दिसेल. Turn Windows features on or off मध्ये जाऊन Virtual Machine Platform, Windows Hypervisor Platform आणि Hyper-V यांच्या खुणा काढा, रीस्टार्ट करा, परीक्षा झाली की परत लावा.

---

कोडी_चेंबूर

तिन्ही काढले. वाक्य अजून आहे.

---

प्रभादेवी_पॅचकॉर्ड

मग Windows Security > Device security > Core isolation मधलं Memory integrity चालू असेल. तेही त्याच पायावर उभं आहे. पण ते बंद करा असं मी सांगणार नाही, ते सुरक्षेचं कवच आहे आणि नव्या लॅपटॉपवर आपोआप चालू असतं. चांगला ब्राउझर त्याला ओळखतो. आधी परीक्षेच्या मदतकेंद्राला स्क्रीनचं चित्र पाठवा.

---

रॉकेट_राजा

परीक्षेपुरतं बंद केलं तर काय बिघडतं? एक दिवसाचा प्रश्न.

---

प्रभादेवी_पॅचकॉर्ड

बहुतेक काही बिघडत नाही. पण BIOS मध्ये जाऊन काहीबाही बदलू नका. परीक्षेच्या सकाळी डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी किल्ली मागितली तर ती कुठे ठेवली आहे हे आठवायची वेळ नसते.

---

अंजू_मुलुंड

वीज आणि नेटचंही थोडं. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. एमसीबी पडला की लॅपटॉप चालू आणि नेट गुल. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या. पण घेण्याआधी एक बघा, घरात येणारी वायर कोणती आहे? बारीक काचतंतू थेट घरातल्या डब्यात येत असेल तर घराबाहेरच्या जोडण्यांना सहसा वीज लागत नाही. निळी किंवा करडी लॅन केबल जिन्यातून येत असेल तर तिचा स्विच गच्चीवर किंवा जिन्यात बसवलेला असतो आणि तो इमारतीच्या विजेवर चालतो. इमारतीची वीज गेली तर तुमचा यूपीएस बिचारा एकटाच जागा राहील. केबलवाल्याला विचारा तिथे बॅकअप आहे का.

आणि वाय-फायपेक्षा लॅन वायर बरी. पातळ लॅपटॉपला ते भोक नसतं, यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

---

तात्या_भायखळा

फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा की. एवढे यूपीएस कशाला.

---

अंजू_मुलुंड

तात्या, परीक्षा सुरू झाल्यावर फोनला हात लावला की गडबड. हॉटस्पॉट आधीपासून चालू ठेवून फोन बाहेरच्या खोलीत ठेवला तर? ते मला पटतं, पण नेट बदललं की जोडणी तुटून पुन्हा देखरेख करणाऱ्याची वाट बघावी लागते. कोणी खरंच केलं असेल तर लिहा.

---

सानिका_लालबाग

दुसरी चाचणी झाली. दुपारी दोन, बाहेर कडक ऊन. टेबलक्लॉथ गेला, दोन खोडरबर आले, शांत मोड बंद, Best performance, छताचा पंखा दोनवर.

सुरुवातीला १९० च. पंधराव्या मिनिटाला १५० वर आला आणि अडीच तास १४० ते १५० मध्येच राहिला. काम ३५ च्या वर गेलं नाही. चित्र एकदाही गोठलं नाही. ध्वनिमुद्रणात लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो, पण माझं बोलणं स्पष्ट आहे. लॅपटॉप ठेवतेय.

खोली दाखवायची तालीम केली तेव्हा चार्जर खरंच आखूड पडला. प्लग टेबलाच्या मागे आणि वायर दीड मीटर. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या पायाला बांधला. स्क्रीन दाखवायला हातात धरायचा आरसाही आईच्या कपाटातून काढून ठेवला आहे.

एकच राहिलं. रिकाम्या जागेत आणखी ८ जीबी रॅम टाकू का? चाचणीत मेमरी ८२ टक्के भरलेली दिसत होती.

---

खोडरबर

८२ टक्के असून अडलं नाही, म्हणजे सक्ती नाही. मी टाकली असती, दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सलाही हात मोकळा होतो. पण परीक्षेआधी निदान दहा दिवस, आणि टाकल्यावर तीच चाचणी पुन्हा.

---

तात्या_भायखळा

झाकण उघडण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. काही ठिकाणी स्टिकर फाटला की हात वर करतात.

---

सानिका_लालबाग

स्टिकर आहे एका स्क्रूवर. उद्या दुकानात फोन करते.